चाळीस टक्क्यांचा खड्डा, सहासष्ट टक्क्यांची चढण: ऑप्शन विकण्याआधी करायचं गणित

4 जून 2024 हा लोकसभा निकालाचा दिवस. आदल्या दिवशी, सोमवारी, एक्झिट पोलच्या जोरावर निफ्टी 733 अंकांनी वर जाऊन 23,263.90 वर बंद झाला होता. मंगळवारी मतमोजणी सुरू झाली आणि दुपारपर्यंत तो 21,281.45 पर्यंत खाली आला. बंद झाला 21,884.50 वर. एका दिवसात जवळपास 6 टक्के पडझड, आणि दिवसातल्या तळापर्यंत मोजली तर साडेआठ टक्के. दोन दिवसांनी, गुरुवारी 6 जूनला, साप्ताहिक एक्सपायरी होती. त्या दिवशी निफ्टी 22,821.40 वर बंद झाला.

हे चार आकडे पुन्हा पुन्हा लागणार आहेत, म्हणून आधीच सांगितले. ज्याने सोमवारी संध्याकाळी 22,500 चा पुट विकला होता, तो एक्सपायरीला बरोबर ठरला. पुट शून्यावर संपला आणि सगळा प्रीमियम विकणाऱ्याचा झाला. तरी हाच पुट विकलेला माणूस मंगळवारी दुपारी आपलं चाळीस टक्के भांडवल गमावून बाहेर पडू शकत होता. अंदाज बरोबर, एक्सपायरीचा आकडाही बरोबर, आणि पैसे गेले. हे कसं होतं आणि गेलेले चाळीस टक्के परत मिळवायला काय लागतं, ते पायरीपायरीने पाहू. नुकतंच ऑप्शन विकायला लागलेल्यांनी पहिला लॉट विकण्याआधी हे गणित एकदा स्वतःच्या हाताने करावं, असं मला मनापासून वाटतं.

पायरी पहिली: तोटा आणि भरपाई यांचं सूत्र

दहा लाखांचे सहा लाख झाले. तोटा 40 टक्के. आता पुन्हा दहा लाख व्हायला किती टक्के कमवावे लागतील? पटकन तोंडात 40 येतं. पण सहा लाखांचे 40 टक्के म्हणजे 2 लाख 40 हजार. ते मिळवले तरी आपण 8 लाख 40 हजारांवरच. कमवायचे आहेत 4 लाख, आणि कमवायला हाताशी आहेत फक्त 6 लाख. 4 भागिले 6, म्हणजे 66.7 टक्के.

तोटा होतो तो मोठ्या रकमेवर, भरपाई करायची असते उरलेल्या छोट्या रकमेवर. शेतकऱ्याच्या भाषेत, पीक गेलं तर पुढच्या हंगामात भरून काढता येतं, पण बियाणंच खाल्लं गेलं तर पुढचा पेराच कमी होतो. भांडवल हे आपलं बियाणं.

गणिताचं सूत्र एवढंच:

```
लागणारी वाढ = तोटा / (1 - तोटा)
```

एक्सेलमध्ये किंवा गूगल शीटमध्ये B1 या घरात तोटा 40% असा लिहा आणि शेजारी हे टाका:

```
=B1/(1-B1)
```

आता B1 मधला आकडा बदलत जा. 10 टक्के तोट्याला 11.1 टक्के वाढ लागते. 20 ला 25. 30 ला जवळपास 43. 50 ला 100, म्हणजे उरलेल्या पैशाचे दुप्पट करावे लागतात. 75 टक्के गेले तर 300, आणि 90 गेले तर 900.

इथे थोडं थांबा आणि दोन आकड्यांमधलं अंतर पाहा. तोटा शून्यावरून 10 टक्क्यांवर गेला, तर भरपाईचं ओझं 11 टक्क्यांनी वाढतं. तोच तोटा 40 वरून 50 वर गेला, तर ओझं 66.7 वरून 100 वर, म्हणजे 33 टक्क्यांनी वाढतं. तेच आणखी 10 टक्के, पण तिप्पट महाग. खड्ड्यात पडलेला माणूस म्हणतो, ‘एवढं गेलंच आहे, आणखी थोडं गेलं तर काय!’ गणित नेमकं उलटं सांगतं. जितके खोल, तितका पुढचा प्रत्येक टक्का जास्त किमतीचा.

पायरी दुसरी: खड्डा मोजायचा कुठून?

ड्रॉडाउन म्हणजे शिखरापासून आतापर्यंतची घसरण. सुरुवातीला किती पैसे टाकले होते त्याच्याशी त्याचा संबंध नाही. तुम्ही पाच लाखांनी सुरू केलं, ते साडेसहा झाले आणि आज पाच लाख वीस हजार आहेत, तर तुम्ही वीस हजार फायद्यात आहात हे खरं. पण तुमचा ड्रॉडाउन 20 टक्के आहे, हेही तितकंच खरं. साडेसहावर परत जायला 25 टक्के लागतील.

मी यासाठी साधी वही वापरते. तीन रकाने: आजवरचं शिखर, आजची रक्कम, आणि खड्डा टक्क्यांत. दर शुक्रवारी बाजार बंद झाल्यावर एक ओळ. आजची रक्कम लिहिताना एक काळजी घ्यावी लागते. विकलेल्या ऑप्शनचा प्रीमियम खात्यात जमा झालेला दिसतो, पण पोझिशन उघडी असेपर्यंत तो आपला नसतो. म्हणून आज सगळ्या पोझिशन कापल्या तर हातात किती येतील, ती रक्कम लिहायची. नवीन माणूस नेमका इथे चुकतो. जमा दिसणारी रक्कम वाढत असते आणि खड्डा तिच्याखाली झाकला जातो.

पायरी तिसरी: टक्क्यांचे महिने करा

66.7 टक्के हा आकडा नुसता वाचून अंगावर येत नाही. तो महिन्यांत बदलला की येतो.

ऑप्शन विकणाऱ्याच्या कमाईला वरून झाकण असतं. 80 रुपयांना पुट विकला तर जास्तीत जास्त 80 मिळतील, बाजार कितीही वर जावो. ऑप्शन विकत घेणाऱ्याला एखादा दिवस असा लागू शकतो की वर्षाची भरपाई एका दिवसात होते. विकणाऱ्याच्या नशिबी असा दिवस नसतो. त्याला खड्डा थेंबाथेंबानेच भरावा लागतो. सूत्र सगळ्यांना सारखंच, पण ते विकणाऱ्याला जास्त बोचतं ते यामुळे.

महिन्याला सरासरी 2 टक्के सुटतात असं धरू. हे समजण्यापुरतं, कुणालाही याची हमी नाही. B1 मध्ये तोटा, B2 मध्ये महिन्याची कमाई 2%, आणि हे सूत्र:

```
=ROUNDUP(LN(1/(1-B1))/LN(1+B2),0)
```

10 टक्क्यांचा खड्डा भरायला 6 महिने. 20 टक्क्यांचा भरायला 12. 40 टक्क्यांचा 26 महिने. 50 टक्के गेले तर जवळपास तीन वर्षं, आणि या तीन वर्षांत एकही महिना तोट्याचा जाता कामा नये.

आणखी एक बेरीज करून पाहा. वर्षातले अकरा महिने 2 टक्के मिळाले आणि एका महिन्यात 25 टक्के गेले. तोंडी हिशेब म्हणतो 22 वजा 25, म्हणजे 3 टक्के तोटा. खरा हिशेब गुणाकाराचा आहे. 1.02 अकरा वेळा गुणलं की 1.243 येतं, त्याला 0.75 ने गुणलं की 0.933. म्हणजे 6.7 टक्के तोटा. बारापैकी अकरा महिने फायद्याचे असूनही. म्हणून कुणी ‘माझे नव्वद टक्के ट्रेड फायद्यात जातात’ असं सांगितलं, तर मी एवढंच विचारते, की उरलेल्या दहा टक्क्यांत किती जातात?

घरखर्च यातूनच काढायचा असेल तर चित्र आणखी अवघड होतं, आणि आपल्याकडे बरेच जण नोकरी सोडून याच विचाराने येतात. दहा लाखांवर महिन्याला 2 टक्के म्हणजे 20 हजार. त्यातले 15 घरात दिले, 5 वाढायला ठेवले. सगळं सुरळीत. मग 40 टक्क्यांचा खड्डा पडला. आता सहा लाखांवर तेच 2 टक्के म्हणजे 12 हजार. घराला लागतात 15. महिना चांगला गेला, एकही चूक झाली नाही, तरी भांडवल 3 हजारांनी घटलं. पुढच्या महिन्यात आणखी. कौशल्य तेवढंच, कमाईचा दर तोच, आणि तरीही खड्डा कधीच भरणार नाही. नुसतं जागेवर उभं राहायला आता महिन्याला अडीच टक्के लागतात. ते मिळवायला माणूस जवळची स्ट्राइक विकतो, आणि पुढचा खड्डा तिथेच पडतो.

पायरी चौथी: 4 जूनचा हिशेब, रुपयांत

आता तो दिवस हातात घेऊ. निफ्टीचे आकडे खरे आहेत. प्रीमियम आणि मार्जिन मी हिशेबासाठी धरले आहेत.

भांडवल 10 लाख. सोमवारी निफ्टी 23,263.90 असताना 22,500 चा पुट 80 रुपयांना विकला. निफ्टीचा लॉट तेव्हा 25 चा होता. नंतर तो मोठा झाला, म्हणून तुमचा हिशेब करताना ऑर्डर टाकायच्या खिडकीत दिसणारा आकडा घ्या. एका लॉटला 70 हजार मार्जिन धरलं, तर दहा लाखांत 14 लॉट बसतात. 14 गुणिले 25, म्हणजे 350 नग. प्रीमियम 28 हजार, भांडवलाच्या 2.8 टक्के. स्ट्राइक बाजारापासून सव्वातीन टक्के खाली. एक्सपायरीला तीन दिवस. सोमवारच्या त्या तेजीत हा सौदा किती सुरक्षित वाटला असेल, याची कल्पना करता येते.

मंगळवारी तळाला निफ्टी 21,281.45. म्हणजे 22,500 चा पुट 1,218.55 रुपये आत गेलेला. ही झाली नुसती आतली किंमत. अशा घबराटीत खरा भाव साधारणपणे याहून थोडा वरच असतो. 1,218.55 गुणिले 350 म्हणजे 4 लाख 26 हजार. मिळालेले 28 हजार वजा केले, की तोटा साधारण 3 लाख 98 हजार. भांडवलाच्या 40 टक्के.

‘पण मी धरून ठेवला असता, गुरुवारी तर तो शून्यच झाला,’ असं म्हणाल. धरून ठेवायची निवड तुमच्या हातात राहतच नाही. 14 लॉटला 9 लाख 80 हजार अडकलेत, मोकळे फक्त 20 हजार. 350 नगांवर 20 हजार म्हणजे नगामागे 57 रुपये. पुट 80 चा 137 झाला की मोकळी रक्कम संपली. त्यासाठी निफ्टी 22,500 पर्यंत यावाही लागत नाही. त्यातच बाजार हलायला लागला की एक्सचेंजचं मार्जिनही वाढतं, कारण ते दिवसातून अनेकदा नव्याने काढलं जातं. दोन्हीकडून चिमटा. आधी ब्रोकरचा मेसेज, मग पैसे भरले नाहीत तर त्यांचा जोखीम विभाग पोझिशन कापतो. आणि कापतो तेव्हा भाव सगळ्यात वाईट असण्याची शक्यता जास्त, कारण त्याच मिनिटाला तुमच्यासारखे आणखी हजारो जण कापले जात असतात.

एकदा कापलं, की कागदावरचा खड्डा पक्का झाला. गुरुवारी निफ्टी 22,821 वर आला त्याचा या माणसाला काही उपयोग नाही. त्याला आता 66 टक्क्यांची चढण आहे. आणि सहा लाखांत 14 लॉट बसत नाहीत, 8 बसतात. तोच सौदा पुन्हा केला तर आता 28 हजारांऐवजी 16 हजार मिळतील.

स्टॉपलॉसवर विसंबणाऱ्यांसाठी एक गोष्ट. एनएसईवर ऑप्शनमध्ये मार्केट भावाचा स्टॉपलॉस टाकता येत नाही, लिमिटचाच टाकावा लागतो. म्हणजे ट्रिगर 160 आणि लिमिट 170 ठेवली आणि भाव 158 वरून थेट 185 वर गेला, तर ऑर्डर जागी होते पण लागत नाही. स्क्रीनवर ती ‘ओपन’ अशी दिसत राहते आणि भाव तिच्यापासून दूर पळत असतो. ट्रिगर आणि लिमिट यांच्यात अंतर जास्त ठेवा, आणि लॉट ठरवताना स्टॉपलॉस नाहीच असं समजून हिशेब करा.

पायरी पाचवी: लॉट उलट्या बाजूने काढा

आता सगळ्यात महत्त्वाचं. बहुतेक जण लॉट ठरवतात ते मार्जिनवरून: पैसे किती, मार्जिन किती, भागाकार केला. मार्जिन ही एक्सचेंजने स्वतःच्या सुरक्षेसाठी ठरवलेली रक्कम आहे. तुमचा खड्डा किती खोल जाईल, याच्याशी तिला देणंघेणं नाही. हिशेब खड्ड्यापासून सुरू करायचा.

आधी ठरवा, किती महिन्यांची भरपाई मी सहन करू शकते? मी सात महिन्यांच्या पुढे जायला तयार नाही. 2 टक्क्यांच्या दराने सात महिन्यांत साधारण 12 टक्क्यांचा खड्डा भरतो. म्हणून माझी मर्यादा 12 टक्के. दहा लाखांवर 1 लाख 20 हजार.

मग धक्का ठरवा. मी एका दिवसात 10 टक्के धरते. एक तर निर्देशांक 10 टक्के हलला की बाजारभर व्यवहार थांबवणारा पहिला सर्किट ब्रेकर लागतो. दुसरं म्हणजे असा दिवस आपण पाहिलेला आहे. 23 मार्च 2020 ला ते सर्किट लागलं, बाजार थांबला, पुन्हा उघडला आणि निफ्टी 13 टक्के खाली बंद झाला. त्यामुळे 10 टक्के हा काही फार सावध आकडा नाही.

आता एका लॉटचा हिशेब. 23,263.90 चे 10 टक्के गेले की 20,937.50. स्ट्राइक 22,500, म्हणजे पुट 1,562.50 आत. 80 प्रीमियम वजा, उरले 1,482.50. गुणिले 25, म्हणजे एका लॉटला 37 हजार रुपये. 1 लाख 20 हजार भागिले 37 हजार, उत्तर सव्वातीनच्या आत. म्हणजे 3 लॉट.

मार्जिन म्हणत होतं 14, गणित म्हणतं 3.

नव्या शीटमध्ये B1 भांडवल, B2 मर्यादा, B3 निफ्टी, B4 धक्का, B5 पुटची स्ट्राइक, B6 प्रीमियम, B7 लॉटचा आकार:

```
=ROUNDDOWN(B1*B2/((B5-B3*(1-B4)-B6)*B7),0)
```

तीन लॉटवर 4 जूनला काय झालं असतं? तळाला तोटा सुमारे 85 हजार, म्हणजे साडेआठ टक्के. भरपाईला सव्वानऊ टक्के. अडकलेलं मार्जिन 2 लाख 10 हजार, मोकळे जवळपास 8 लाख. मार्जिन दुप्पट झालं तरी ब्रोकरचा मेसेज आला नसता, आणि गुरुवारपर्यंत थांबायचं की नाही हे त्या माणसाने स्वतः ठरवलं असतं.

अर्थात तीन लॉटचा प्रीमियम 6 हजारच, भांडवलाच्या 0.6 टक्के. नवीन माणसाला हे वाचून निराशा येते, मलाही आली होती. पण 14 लॉटवर दिसणारे 2.8 टक्के ही फुकटची कमाई नव्हती. 40 टक्क्यांच्या खड्ड्याची जोखीम उचलण्याचं ते भाडं होतं.

कॉल विकत असाल तर हेच सूत्र वरच्या बाजूने करा. 3 जूनची सव्वातीन टक्क्यांची उडी कॉल विकणाऱ्यांना लागली आणि 4 जूनची पडझड पुट विकणाऱ्यांना. दोन्ही बाजू विकून बसलेल्यांना दोन दिवसांत दोन्हीकडून मार बसू शकत होता. आणि निफ्टीसोबत बँक निफ्टीचेही पुट विकले असतील, तर 12 टक्क्यांची मर्यादा दोन्हींची मिळून धरा. अशा दिवशी दोन्ही एकत्रच पडतात.

पायरी सहावी: हेज घेतला तर

तोट्याला तळ हवा असेल तर खालचा पुट विकत घ्यायचा. 22,500 चा 80 ला विकला, 22,000 चा 40 ला घेतला असं धरू. हातात 40 राहिले. दोन स्ट्राइकमध्ये अंतर 500, म्हणून जास्तीत जास्त तोटा 460 गुणिले 25, म्हणजे लॉटमागे 11,500. निफ्टी 10 टक्के पडो की 13 टक्के, यापुढे नाही. 1 लाख 20 हजारांच्या मर्यादेत असे 10 लॉट बसतात आणि प्रीमियम 10 हजार येतो. तीन उघड्या लॉटच्या 6 हजारांपेक्षा जास्त, आणि मर्यादा तीच.

हे ऐकायला फार छान वाटतं, म्हणून याची दुसरी बाजू नीट समजून घ्या. तीन उघडे लॉट 12 टक्क्यांच्या मर्यादेजवळ पोचतात ते निफ्टी 10 टक्के पडल्यावर. 10 लॉटचा हेज केलेला सौदा एक्सपायरीला निफ्टी 22,000 खाली असला की पुरता जातो, म्हणजे साडेपाच टक्के पडझडीत. तशी पडझड कितीतरी जास्त वेळा येते. 4 जूनचा 21,884 चा बंद भाव एक्सपायरीचा असता, तर 10 लॉटचे 1 लाख 15 हजार पूर्ण गेले असते. तीन उघड्या लॉटचे 40 हजार गेले असते. हेजने तळ मिळतो, पण तिथे पोचायची वाट छोटी होते. म्हणून हेज केल्यावरही मी 10 ऐवजी 5 लॉटच घेते. हेज केल्यावर मार्जिन खूप कमी लागतं आणि स्क्रीन म्हणते, आणखी तीस लॉट बसतील. तिथे पाचव्या पायरीवर परत जायचं.

सौदा टाकताना आधी विकत घ्यायचा पुट, मग विकायचा. कापताना उलट: आधी विकलेला परत घ्यायचा, मग हेज सोडायचा. घाईत हेज आधी विकून टाकला, की मार्जिन एकदम वाढतं आणि मधल्या मिनिटात तुम्ही उघडे पडता.

पायरी सातवी: खड्ड्यात असताना

खड्डा पडल्यावर लॉट नव्या रकमेवर काढायचे, जुन्या शिखरावर नाही. दहाचे 8 लाख 80 हजार झाले, तर त्याचे 12 टक्के म्हणजे 1 लाख 5 हजार. भागिले 37 हजार, उत्तर 2.8. म्हणजे आता 2 लॉट. मन म्हणतं, तीनच ठेव, लवकर भरून निघेल. किंवा म्हणतं, दोनच ठेव पण 22,500 ऐवजी 22,900 चा विक, प्रीमियम जास्त येतो. दोन्ही वाक्यं एकच आहेत. स्ट्राइक जवळ आणली की धक्क्यातला लॉटमागचा तोटा वाढतो. शीटमध्ये B5 आणि B6 बदलून पाहा: 22,900 चा पुट 170 ला मिळतो असं धरलं, तरी लॉटमागे 37 ऐवजी जवळपास 45 हजार होतात. B1 मध्ये 8 लाख 80 हजार ठेवलेत तर सूत्र 2.4 पूर्णांकात आणून पुन्हा 2 च सांगेल, पण त्या दोन लॉटचा धक्का 74 हजारांवरून जवळपास 90 हजारांवर गेलेला असेल.

महिन्याचा घरखर्च यातून जात असेल, तर खड्डा 5 टक्क्यांच्या पुढे गेला की तो थांबवावा किंवा निम्मा करावा. त्यासाठी सहा महिन्यांचा खर्च बँकेत वेगळा हवा, आणि तो मार्जिनसाठी गहाण ठेवलेल्या पैशात मोजायचा नाही. हा खर्च बाजूला नसेल तर ऑप्शन विकायला सुरुवात पुढे ढकला. वहीचे तीन रकाने मात्र आजच आखून ठेवता येतील, आणि एका लॉटचा धक्का किती बसतो ते आजच्या निफ्टीवर काढून पहिल्या ओळीत लिहिता येईल.